चौकटीचा पाय आणि कपाटाची पाठ: वाळवी रोखण्याच्या दोन जागा

प्रश्न: आमचं रत्नागिरी जिल्ह्यात जांभ्याच्या चिऱ्यांचं जुनं घर आहे. तीन दारांच्या चौकटी आणि दोन कपाटं वाळवीने खाल्ली. दोन वर्षांपूर्वी औषध मारून घेतलं होतं, तरी पुन्हा आली. आता चौकटी आणि कपाटं नव्याने करायची आहेत. लाकूड कोणतं घ्यावं, त्याला काय लावावं आणि पुन्हा वाळवी येऊ नये म्हणून नेमकं काय करावं?

उत्तर: गेली अठ्ठावीस वर्षे मी कोकणात लाकडावर प्रक्रिया करण्याचे आणि घरांना वाळवीप्रतिबंधक उपचार करण्याचे काम करतो. नव्या लाकडाची खरेदी करण्यापूर्वी आपण एक गोष्ट करावी, अशी माझी विनंती आहे. जुनी चौकट काढताना ती तोडून फेकू नका. तिचा पाय फरशीखालून अखंड बाहेर काढा आणि उजेडात नीट पाहा. वाळवी कोठून आली आणि मागचे औषध का चालले नाही, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बहुतेक वेळा त्या वीतभर तुकड्यात मिळतात.

देवरूखजवळच्या एका घरातील काम सांगतो, कारण ते आपल्या घराशी पुष्कळसे जुळते. भिंती जांभ्याच्या, जोत्याचे बांधकाम मातीत, वरचे सिमेंटमध्ये, आणि वीसेक वर्षांपूर्वी जमिनीवर नव्या टाइल्स बसवलेल्या. माजघराच्या दाराची चौकट सागवानी, पाच बाय अडीच इंचांची होती. बाहेरून पाहिले तर तिच्यावरचा ऑइलपेंट शाबूत होता. खालच्या बाजूला स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर रंगाचा पापुद्रा कागदासारखा फाटला आणि स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. फरशी फोडून पाय बाहेर काढला तेव्हा तो टाइल्सखाली दोन इंच गाडलेला दिसला. त्याच्या तळाला करवतीच्या खुणा होत्या तशाच होत्या. तेथे रंगाचा वा तेलाचा एक थेंबही कधी लागला नव्हता. त्याच्या बाजूला, भरावाच्या मातीत, चौकट ओळंब्यात धरण्यासाठी गवंड्याने ठोकलेल्या दोन लाकडी पाचरी तशाच राहून गेल्या होत्या. पाचरींची आता मातीने भरलेली पोकळ साले उरली होती. वाळवीने आधी पाचरी खाल्ल्या, तेथून ती चौकटीच्या उघड्या तळात शिरली आणि रंगाच्या आडोशाने वर चढत गेली.

आता मागच्या उपचाराचे पाहू. त्या घरातही तीन वर्षांपूर्वी औषध मारले होते. पण ते पंपाने चौकटीच्या दर्शनी बाजूवर आणि भिंतीच्या कडेने फरशीवर मारले होते. त्या फवाऱ्यातील औषध ना मातीत पोहोचले, ना लाकडाच्या आत. वर फिरत असलेल्या शे-दोनशे वाळव्या मेल्या, महिनाभर शांतता वाटली आणि जमिनीखालची वसाहत होती तेथेच राहिली. जमिनीतली वाळवी लाकडात राहत नाही, लाकडात केवळ खाण्यासाठी येते. तिची राणी, पिल्ले आणि ओलावा मातीत असतो, आणि अंगाचे पाणी सुकू नये म्हणून ती उघड्यावर न चालता मातीच्या नळीतून किंवा भेगेतून चालते. म्हणून माती आणि लाकूड यांच्यामधला रस्ता तोडणे हे मुख्य काम आहे. चांगले लाकूड आणि चांगला लेप हे त्याच्या मदतीला हवेत, पण त्याच्या बदल्यात नकोत.

त्याआधी आपल्याकडे आहे ती जमिनीतलीच वाळवी आहे, याची खात्री करून घ्या. खाल्लेल्या लाकडाच्या पोकळीत ओलसर माती लिंपलेली दिसली, किंवा भिंतीवर पेन्सिलीएवढ्या जाडीची मातीची नळी दिसली, तर ती जमिनीतलीच. किनारपट्टीच्या दमट हवेत कोरड्या लाकडात राहणारी दुसरी एक वाळवी आढळते; तिला मातीची गरज नसते, आणि तिच्या भोकांखाली खसखशीसारखे टणक दाणे पडतात. तिसरा प्रकार भुंग्याच्या अळीचा: लाकडाला टाचणीएवढी भोके पडतात आणि खाली मैद्यासारखी भुकटी साचते. या शेवटच्या दोन प्रकारांत जमिनीत कितीही औषध ओतले तरी उपयोग नाही, कारण तो किडा लाकडातच राहतो. तेथे लाकडावरच उपचार करावा लागतो किंवा ते बदलावे लागते. मातीची नळी दिसली तर ती लगेच पूर्ण पुसू नका. मधला इंचभर भाग तोडून ठेवा. चार-आठ दिवसांत तो पुन्हा बांधला गेला, तर रस्ता चालू आहे आणि उपचार कोठून सुरू करायचा हेही कळते.

जुनी चौकट निघाली, पाचरी आणि लाकडाचे तुकडे वेचून काढले, की नवे लाकूड आणण्याआधी जमिनीचा अडथळा तयार करावा. भारतीय मानक 6313 च्या तिसऱ्या भागात उभ्या घरांसाठी दिलेली पद्धत मी पाळतो. भिंत आणि फरशी जेथे मिळतात, त्या कोपऱ्याने दर 30 सेंटिमीटरवर 12 मिलिमीटर व्यासाचे छिद्र फरशीतून खालच्या मातीपर्यंत पाडायचे आणि प्रत्येक छिद्रात दाबाने एक लिटर द्रावण सोडायचे. देवरूखच्या माजघराची आतली परिमिती साधारण साडेतेरा मीटर होती, म्हणजे 45 छिद्रे आणि 45 लिटर द्रावण. आम्ही इमिडाक्लोप्रिड 30.5 टक्के हे औषध दर लिटर पाण्यात 2.1 मिलिलिटर या प्रमाणात वापरले. एवढ्या खोलीला जेमतेम 95 मिलिलिटर औषध लागले. हा आकडा मुद्दाम सांगतो. कामगार आपल्या घरी आला, खोलीत वीस छिद्रे पाडली आणि दहा लिटरची एक बादली संपवून निघाला, तर अडथळा झालेला नाही, हे आपल्याला स्वतः मोजता यावे.

औषधांच्या निवडीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे फसगत होते. बायफेन्थ्रिनसारखी औषधे वाळवीला दूर पळवतात. ती तत्काळ काम करतात. परंतु ज्या ठिकाणी औषध पोहोचले नाही अशी बोटभर जागा राहिली, तर वाळवी औषध टाळून नेमकी तेथून वाट काढते. इमिडाक्लोप्रिड किंवा फिप्रोनिल यांचा वाळवीला सुगावा लागत नाही. ती त्या मातीतून जाते, हळूहळू मरते आणि मरण्याआधी इतरांच्याही अंगाला औषध लावते. नव्या बांधकामात पायाची सगळी माती उघडी असते, तेथे पहिला प्रकार चालतो. आपल्यासारख्या उभ्या घरात, जेथे फरशीखाली काय आहे ते दिसत नाही, तेथे मी दुसरा प्रकार निवडतो. औषध कोणतेही असले तरी बाटलीवरचे प्रमाण ओलांडू नये. दाट द्रावणाने घरातील माणसांचा धोका वाढतो.

जांभ्याच्या भिंतीची एक अडचण मात्र कोणत्याही मानकात सविस्तर सापडणार नाही. चिरा सच्छिद्र असतो, आणि मातीत रचलेल्या जोत्यात जुन्या सांध्यांची माती झिजून आत सलग पोकळ्या झालेल्या असतात. वाळवी त्या पोकळ्यांतून भिंतीच्या पोटातच वर चढते आणि फरशीच्या अडथळ्याला वळसा घालून थेट कपाटाच्या पाठीशी निघते. म्हणून जोत्याच्या पातळीवर भिंतीतही 45 अंशांच्या उतरत्या कोनात, तेवढ्याच व्यासाची आणि तेवढ्याच अंतराची छिद्रे पाडून भिंतीच्या मध्यापर्यंत औषध द्यावे लागते. येथे घाई केली तर द्रावण एका पोकळीतून वाहून दुसऱ्या बाजूला बाहेर पडते आणि बाकीचा भाग कोरडा राहतो. आम्ही प्रत्येक छिद्रात पाव-पाव लिटर करून, मध्ये तासाभराचे अंतर ठेवून औषध सोडतो. शेजारच्या छिद्रातून ते पाझरताना दिसले की मधला भाग भिजला असे समजावे. काम झाल्यावर छिद्रे सिमेंटच्या लापशीने बंद करावीत. लाकडी खुंट्या ठोकून ती बंद केलेली मी पाहिली आहेत; त्यामुळे वाळवीला पुन्हा खाद्य मिळते.

घराबाहेरून भिंतीलगत अर्धा मीटर खोल चर खणून, उघड्या झालेल्या जोत्याच्या दर चौरस मीटरला साडेसात लिटर या हिशोबाने द्रावण द्यावे आणि परत टाकायची मातीही त्याच द्रावणात भिजवावी. सात मीटर लांबीच्या भिंतीला साडेतीन चौरस मीटर भरतात, म्हणजे सुमारे 26 लिटर. पण कोकणात परसात विहीर असतेच. विहीर किंवा पाण्याची टाकी भिंतीपासून 15 मीटरांच्या आत असेल, तर त्या बाजूला मी दाबाने औषध सोडत नाही. जांभ्याच्या जमिनीतून पाणी कोठून कोठे जाईल याचा भरवसा नसतो, आणि ही औषधे पाण्यातील जीवांना अत्यंत घातक असतात. अशा बाजूला आतील छिद्रांतही औषध न देता, भिंतीलगतची माती मोकळी करावी, लाकूडफाटा आणि नारळाची सोडणे हलवावीत, आणि पुढे सांगितलेल्या दगडी व धातूच्या अडथळ्यांवर भर द्यावा. हे काम परवानाधारक माणसाकडून करून घ्यावे. त्या दिवशी स्वयंपाक आणि लहान मुले दुसरीकडे असावीत.

आता चौकटीच्या लाकडाकडे वळू. सागवान म्हणजे वाळवी लागत नाही, ही समजूत अर्धी खरी आहे. सागाच्या गाभ्यात वाळवीला नकोसे असणारे नैसर्गिक द्रव्य असते. सालीलगतच्या पांढऱ्या भागात ते नसते, आणि तो भाग वाळवी आंब्याच्या फळीइतक्याच आवडीने खाते. पूर्वी जंगलातला जुना साग मिळे, त्यात गाभा भरपूर असे. आज वखारीत येणारा बराचसा साग कमी वयाच्या लागवडीतला असतो आणि त्यात पांढऱ्याचे प्रमाण मोठे असते. म्हणून लाकूड घेताना लांबीकडून न पाहता टोकाकडून पाहावे. टोकावर ओला फडका फिरवला की गाभा गडद आणि पांढरा भाग फिकट असा फरक स्पष्ट दिसतो. उभ्या लाकडाच्या एका कोपऱ्यावर जरी पांढऱ्याची पट्टी असली, तरी मी ते चौकटीच्या पायासाठी घेत नाही. पॉलिश करणारे ती पट्टी रंगाने झाकतात, त्यामुळे चौकट तयार झाल्यावर काहीच कळत नाही. निवड लाकूड कोरे असतानाच करावी लागते.

सागाचा खर्च झेपत नसेल, तर प्रक्रिया केलेले साधे लाकूड घ्यावे. येथे एक गोष्ट उलटी वाटेल. प्रक्रियेसाठी गाभ्याचे कठीण लाकूड चांगले नसते. सैल, पांढऱ्या भागाचे लाकूड औषध खोलवर शोषते. बंद टाकीत निर्वात करून दाबाने तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचे द्रावण लाकडात भरण्याची रीत आज जगभर माहीत आहे. ते मिश्रण डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंटी कामेसन यांनी 1933 मध्ये तयार केले, हे आपल्याकडच्या फार थोड्या सुतारांना ठाऊक असते. हे क्षार लाकडाच्या तंतूंना घट्ट बसतात आणि ओलीने सहसा धुतले जात नाहीत, म्हणून जमिनीजवळच्या भागाला ते योग्य ठरतात. लाकडाला हिरवट छटा येते. मात्र वरची छटा पाहून समाधान मानू नका. एक तुकडा मधोमध कापून दाखवण्यास सांगा. हिरवा रंग कडेला केवळ कागदाच्या जाडीएवढा असेल आणि आत लाकूड कोरे असेल, तर ते दाबाने भरलेले नाही, नुसते बुडवलेले आहे. त्यात आर्सेनिक असल्याने त्याचे उरलेले तुकडे चुलीत किंवा पाणी तापवण्याच्या बंबाखाली कदापि घालू नयेत, त्याच्या भुशापासून नाक-तोंड झाकावे, आणि स्वयंपाकघरातील फळ्यांना ते वापरू नये.

कपाटाच्या फळ्या, खण आणि आतल्या पट्ट्या यांच्यासाठी बोरेटची प्रक्रिया अधिक चांगली. ती गावातही करता येते. 40 लिटर कोमट पाण्यात एक किलो बोरिक ॲसिड आणि दीड किलो बोरॅक्स विरघळवायचे. नुकत्याच चिरलेल्या, अजून ओल्या असलेल्या आंब्याच्या किंवा अन्य मऊ लाकडाच्या फळ्या त्यात भिजवायच्या आणि मग प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून रचून ठेवायच्या. ओलाव्यातून औषध आतपर्यंत झिरपत जाते. इंचभर जाडीच्या फळीला तीन ते चार आठवडे द्यावेत, आणि नंतर सावलीत वाळवावे. वाळलेल्या फळीवर हेच द्रावण ब्रशने लावले तर ते वरच राहते. लाकडात बोरेट कोठवर गेले हे हळदीच्या अर्कावर आधारलेल्या चाचणीने कळते: अल्कोहोलमधील हळद आणि त्यावर आम्लाचे द्रावण लावले की जेथे बोरेट आहे तेथे लाल रंग येतो आणि बाकीचा भाग पिवळा राहतो. त्यात तीव्र आम्ल असल्याने ही चाचणी प्रक्रिया करणाऱ्याकडेच करून घ्यावी. बोरेटची मर्यादा एकच, पण मोठी आहे: ते पाण्यात विरघळते. ओल चढणाऱ्या चौकटीच्या पायाला किंवा न्हाणीच्या दाराला त्याचा भरवसा धरू नये.

प्रक्रिया कोणतीही असो, कापणे, रंधणे, खाचा पाडणे आणि भोके घेणे ही सगळी कामे आधी उरकून मग लाकूड प्रक्रियेला द्यावे. जागेवर आणल्यावर सुताराने पाय इंचभर कापला, की आतले कोरे लाकूड उघडे पडते आणि ते नेमके जमिनीकडच्या बाजूला येते. कापावे लागलेच, तर ते टोक तेथल्या तेथे पुन्हा भिजवून घेतल्याशिवाय काम पुढे नेऊ देऊ नका.

लेपांबाबत माझे मत स्पष्ट आहे. दर्शनी बाजूचा ऑइलपेंट, पॉलिश किंवा पीयू हे ओल आणि झीज यांपासून लाकडाला वाचवतात, वाळवीपासून नाही. वाळवीला रोखणारा लेप दिसणाऱ्या बाजूला नव्हे, तर न दिसणाऱ्या तीन जागी लागतो: पायाच्या तळाला, भिंतीकडच्या पाठीला आणि सांध्यांच्या आत. लाकडाचे तंतू उभे असतात, त्यामुळे कापलेले टोक बाजूच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी वेगाने द्रव शोषते. हाच गुण ओल वर खेचतो आणि हाच औषध आत नेण्यासाठी वापरता येतो. म्हणून आम्ही चौकटीचे दोन्ही पाय लाकडासाठीच्या तेलमाध्यमातील वाळवीरोधक द्रावणात वीतभर खोल, पूर्ण एक दिवस उभे ठेवतो. ब्रशने ते औषध लाकडात एक-दोन मिलिमीटरच जाते. टोकाकडून भिजवले की बरेच खोल चढते. त्यानंतर आठवडाभर हवेशीर जागी सुकू देऊन तळाला आणि बाजूंनी वीतभर उंचीपर्यंत इपॉक्सीचे दोन हात द्यावेत. भिंतीला टेकणाऱ्या पाठीला त्याच औषधाचे दोन हात आणि वाळल्यावर बिटुमेनचा काळा रंग लावावा. हे सर्व लाकूड कोरडे असतानाच करायचे. ओलाव्याचे मापक 15 टक्क्यांच्या वर दाखवत असेल तर थांबावे, कारण ओल आत कोंडली की वाळवी न येताही लाकूड कुजते. पावसाळ्यात कोकणात हा आकडा खाली येणे कठीण असते. त्यामुळे नव्या चौकटी बसवण्याचे काम डिसेंबर ते मे या काळात धरावे.

आमच्याकडे तुळयांना काजूच्या टरफलाचे तेल लावण्याची जुनी रीत आहे आणि ती खरोखर गुणाची आहे. माझ्या आजोळच्या माडीचे वासे त्यावर टिकून आहेत. परंतु ते कातडीला भाजते, त्यावर रंग नीट धरत नाही, आणि दर काही वर्षांनी पुन्हा लावावे लागते. चौकटीची पाठ एकदा भिंतीत गेली की पुन्हा हाताशी येत नाही, म्हणून तेथे मी ते सुचवत नाही. गाडीचे जळके इंजिन ऑइल मात्र कोठेच लावू नये. त्याने डाग पडतात, वास राहतो, पुढचा रंग सुटतो आणि वाळवीवर त्याचा टिकाऊ परिणाम होत नाही.

यानंतरची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या जुन्या घरांत लाकडी खांब सहसा जमिनीत पुरत नसत. तो दगडी तळखड्यावर उभा असे. टाइल्स आल्या, चौकटीचा पाय फरशीत लपवला की सुबक दिसतो असे वाटू लागले, आणि तळखड्याचा विचार मागे पडला. देवरूखच्या घरात आम्ही चौकटीच्या प्रत्येक पायाखाली दहा सेंटिमीटर उंचीचा, चौकटीच्याच मापाचा काळ्या दगडाचा ठोकळा बसवला. ठोकळा फरशीखालच्या काँक्रीटमध्ये पक्का केला, त्यात 12 मिलिमीटरची स्टेनलेस स्टीलची खुंटी बसवली आणि चौकटीचा पाय इपॉक्सीने त्या खुंटीवर उतरवला. लाकडी उंबरठ्याऐवजी दगडी उंबरठा घेतला. चौकट भिंतीला धरण्यासाठी लाकडी गुटके न वापरता लोखंडी होल्डफास्ट वापरले. चौकट आणि भिंत यांमधली फट 1:3 सिमेंट-वाळूने दाबून भरली. हल्ली तेथे फुगणारा फोम मारतात. वाळवी फोम पोखरून आरामात पुढे जाते आणि वरून काहीच दिसत नाही, म्हणून तो मी टाळतो.

दगड वाळवी खात नाही हे खरे, पण ती दगडावरून नळी बांधून चढू शकते. तळखड्याचा खरा उपयोग असा, की तिला ती नळी उघड्यावर, आपल्या डोळ्यांसमोर बांधावी लागते. लपून येण्याचा रस्ता बंद होतो.

कपाटांनाही हेच तत्त्व लागू करा. प्लायवूड घेताना त्यावरची अक्षरे नीट समजून घ्या. बीडब्ल्यूआर म्हणजे त्यातला गोंद पाण्याला टिकतो एवढेच. त्यावरून वाळवीबद्दल काही कळत नाही. उकळत्या पाण्यात तुकडा टाकून दाखवणारा दुकानदारही गोंदाचीच परीक्षा दाखवत असतो. मानक 710 चे मरीन प्लाय प्रक्रिया केलेल्या पापुद्र्यांचे असते, म्हणून खालचा खण आणि पाठ यांसाठी ते घ्यावे. जेथे औषध गोंदात मिसळलेले असते तेथे प्लाय कापला तरी प्रत्येक थरात संरक्षण राहते. जेथे ते केवळ पृष्ठभागावर असते तेथे कापलेली प्रत्येक कड उघडी पडते. विकत घेताना हा एकच प्रश्न विचारा, आणि उत्तर बिलावर लिहून मागा. पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ जमिनीलगत कोठेही नको.

कपाटाचा तळ फरशीवर टेकवू नका. कडप्प्याच्या पट्ट्यांवर किंवा स्टीलच्या पायांवर ते किमान दहा सेंटिमीटर उचला, आणि खालची दर्शनी पट्टी खिळ्यांनी पक्की न करता काढता येईल अशी ठेवा, म्हणजे टॉर्च लावून आत पाहता येते. कपाटाची पाठ भिंतीपासून बोटभर, म्हणजे दोन-अडीच सेंटिमीटर दूर ठेवा. भिंतीतलेच कपाट असेल, तर आतून सिमेंटचा गिलावा करून त्यावर कडप्प्याचे खण टाका आणि लाकूड केवळ दारापुरते ठेवा. जांभ्याच्या भिंतीत मी दुसरे काही सुचवणार नाही. कपाटामागून वायरची नळी जात असेल, तर ती भिंतीत शिरते ते भोक सिमेंटने बंद करा. दोन कपाटांपैकी एकालाच वाळवी का लागली, याचा शोध घेताना मला ती नेमकी त्या भोकातून आलेली पुष्कळदा सापडली आहे.

आपल्या घरातील ज्या चौकटी अजून शाबूत आहेत, त्या काढण्याची गरज नाही. त्यांच्या न दिसणाऱ्या बाजूने दर 15 सेंटिमीटरवर तीन मिलिमीटरची, खाली उतरती छिद्रे गाभ्यापर्यंत घ्या आणि लाकूड शोषायचे थांबेपर्यंत त्यांत सिरिंजने तेलमाध्यमातील औषध भरा. एका बसणीत हे होत नाही. दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ पुन्हा पुन्हा भरावे लागते. लाकूड आणि भिंत यांच्या सांध्यातही तशीच उतरती छिद्रे घेऊन औषध द्यावे. छिद्रे मेणाने किंवा पुट्टीने बुजवा. बोटाने ठोकल्यावर भरीव आवाज येत असेल, तरच हा उपाय. पोकळ आवाज आला तर त्या चौकटीत वाचवण्यासारखे फारसे उरलेले नसते.

औषधाचा प्रभाव कायमचा नसतो. व्यावसायिक साधारण पाच वर्षांची हमी देतात, आणि सतत ओल असलेल्या मातीत मी तेवढ्याचाही भरवसा धरत नाही. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्या वाळव्या उडतात. बाहेरच्या दिव्यावर त्या आल्या तर घाबरण्याचे कारण नाही. पण घरात, चौकटीच्या पायाशी गळलेल्या पंखांचा थर दिसला, तर त्या तेथूनच निघाल्या आहेत असे समजा. जूनमध्ये एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा टॉर्च घेऊन ठोकळे, कपाटाखालची जागा आणि पाठीमागची फट पाहा.

देवरूखच्या घरी दुसऱ्या पावसाळ्यानंतर मागच्या दाराच्या ठोकळ्यावर करंगळीएवढ्या लांबीची मातीची नळी दिसली, असा फोन आला. ती विहिरीकडची बाजू होती, जेथे आम्ही जमिनीत औषध दिले नव्हते. नळी दगडाच्या निम्म्यावर होती आणि लाकूड अजून पाच सेंटिमीटर दूर होते. घरच्यांनी ती खरवडली. भिंतीलगत पावसापासून वाचवण्यासाठी रचलेली लाकडे त्यांनी हलवली, आणि मी जाऊन ठोकळा व फरशी यांमधली केसाएवढी चीर इपॉक्सीने बंद केली. चौकटीवर स्क्रूड्रायव्हर टेकवून पाहिला. तो आत गेला नाही.